साडीचा फोटो बोलता बोलता गायब होतो? आधी मागं काय उरलंय ते बघा

तक्रार नेहमी सारखीच असते. फोटो पाठवला, समोरच्या बाईने तो पाहिला, रंगावर दोन वाक्यं बोलून झाली आणि पुन्हा बघायला वर सरकवलं तर फोटो नाही. परत पाठवला, परत तेच. मग नेटला शिव्या देऊन होतात, फोन बंद करून चालू होतो, कुणीतरी ‘स्टोरेज फुल झालं असेल’ असं ठोकून देतं. यातलं काहीच कारण नसतं. नेट खराब असेल तर फोटो पोहोचत नाही. पोहोचून बघितलेला फोटो खराब नेट परत घेऊन जात नाही. आणि फोनमध्ये जागा नसेल तर नवा फोटो उतरत नाही, जुना आपोआप उडत नाही.

व्हॉट्सॲपवर बघितलेला फोटो नाहीसा होण्याची कारणं मोजकीच आहेत, आणि प्रत्येक कारण मागं वेगळी खूण ठेवून जातं. अवघड प्रकार तेव्हा होतो जेव्हा एकाच आठवड्यात दोन वेगळी कारणं पाठोपाठ येतात आणि दोन्ही वेळी तक्रार मात्र एकच ऐकू येते. वृंदाची गोष्ट तशीच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

वृंदा जर्मनीत, श्टुटगार्टला. आईची जुनी रेशमी साडी तिच्याकडे आहे, धूपछाव, म्हणजे ताणा, उभा धागा, एका रंगाचा आणि बाणा, आडवा धागा, दुसऱ्या. मूळ ब्लाउज आता दंडात शिरत नाही. जानेवारीत घरात लग्न, त्यामुळे पुण्याच्या मावशीने मॅचिंग सेंटरमधून ब्लाउजपीस घ्यायचा, नेहमीच्या बाईंकडे शिवायला टाकायचा आणि वृंदा आली की फिटिंग बघायचं, असं ठरलं. उरला प्रश्न रंगाचा.

नोव्हेंबरातला शुक्रवार. तिकडे पाचच्या आत अंधार पडतो. वृंदा साडेपाचला घरी आली, साडी पलंगावर पसरली, व्हॉट्सॲप उघडून तिथल्या तिथं कॅमेऱ्याने फोटो काढला आणि मावशीला पाठवला. पुण्यात रात्रीचे दहा वाजले होते. मावशी जागीच होती.

“आला गं फोटो. छान दिसतेय अजून. मरून आहे ना?”

“मरून कुठला मावशी, जांभळा! काठाजवळ नीट बघ.”

“थांब, बघते परत.”

मग बराच वेळ काही नाही. आणि मग: “अगं, फोटो कुठं गेला?”

वृंदाने वर सरकवून पाहिलं. तिच्याही बाजूला फोटो नव्हता. त्या जागी फक्त एक शब्द होता: `Opened`.

मावशीचं म्हणणं, मी कशाला हात लावू, मी नुसतं मागं आले. वृंदाचं म्हणणं, मी तर काहीच पुसलं नाही. दोघीही खरं बोलत होत्या. वृंदाने फोटो पुन्हा काढून पाठवला. मावशीने उघडला, बंद केला, आणि पुन्हा तोच शब्द.

इथं निदान पाच सेकंदांचं आहे. फोटोच्या जागी `Opened` दिसत असेल तर तो फोटो `View once` म्हणून गेला होता. म्हणजे एकदाच बघायचा. समोरच्याने उघडून बंद केला की संपला. तो सेव्ह करता येत नाही, पुढे पाठवता येत नाही, त्याचा स्क्रीनशॉटही घेता येत नाही, आणि पाठवणारीलासुद्धा तो चॅटमध्ये परत बघता येत नाही. मावशी उत्तर टाइप करायला फोटोतून बाहेर आली, तेवढ्याने तिची एक वेळ वापरून झाली. न उघडता ठेवला असता तर चौदा दिवसांनी तसाही गेला असता.

आता खरा प्रश्न असा, की ही सोय प्रत्येक फोटोला वेगळी निवडावी लागते. ती एकदा चालू करून कायमची राहत नाही. मग दोन्ही वेळा ती लागली कशी? फोटो पाठवायच्या आधी खाली ओळ लिहायची जागा येते, तिच्या टोकाला गोलात `1` असा आकडा असतो. वृंदाला विचारलं तेव्हा तिने सहज सांगितलं, “तो एक ना? एक फोटो निवडलाय म्हणून येतो तो. मी त्याच्यावर टॅप करून मग बाण दाबते.” तिच्या दृष्टीने ते पाठवण्याआधीचं ‘ओके’ होतं. तो आकडा मोजणीचा नाही. एकदाच दिसेल याचा आहे. टॅप केल्यावर क्षणभर `Photo set to view once` अशी पट्टी येऊन जाते, पण अंगठा तोवर हिरव्या बाणावर पोहोचलेला असतो. मला विचाराल तर दोष अंगठ्याचा कमी आणि त्या आकड्याचा जास्त. फोटो निवडायच्या पडद्यावर एकचा आकडा बघून कुणालाही मोजणीच आठवेल.

उपाय सरळ आहे. पाठवण्याआधी त्या गोलाकडे बघायचं. तो भरलेला, उठून दिसत असेल तर पुन्हा टॅप करून साधा करायचा. गेलेला फोटो मात्र परत येत नाही. बॅकअपमध्येही नाही, कारण उघडून झालेला असा फोटो बॅकअपमध्ये जात नाही. ‘गेलेले फोटो काढून देतो’ म्हणणारी ॲप या बाबतीत फक्त तुमच्या गॅलरीत शिरायची परवानगी मिळवतात, एवढंच.

आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. साडीचा फोटो व्हॉट्सॲपच्या कॅमेऱ्यातून काढू नका. फोनच्या कॅमेऱ्यातून काढा आणि मग जोडा. मूळ प्रत गॅलरीत राहते, त्यामुळे चॅटमध्ये काहीही झालं तरी साडी पुन्हा घडी मोडून पसरावी लागत नाही. वृंदाला ती दोनदा पसरावी लागली, आणि जुन्या रेशमाला घड्यांवर ताण देणं चांगलं नाही.

शनिवारी सकाळी अकराला, म्हणजे पुण्यात दुपारी साडेतीनला, तिने खिडकीशी नवा फोटो काढला. या वेळी आकड्याला हात लावला नाही. मावशीने फोटो उघडला, बंद केला, परत उघडला. होता. रात्री नऊच्या सुमाराला तिने त्याच फोटोला उत्तर म्हणून विचारलं, “हा काठ किती बोटं आहे गं?” वृंदाने व्हॉइस मेसेज टाकला. सगळं ठीक चाललं होतं.

रविवारी संध्याकाळी सहाला मावशी मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर उभी राहिली. मागं गर्दी, पुढं दुकानदाराने विचारलेलं, “बोला ताई, कुठला रंग?” तिने फोन काढला आणि चॅट उघडलं. फोटो नाही.

“वृंदा, परत गेला गं. या वेळी तर काहीच नाही. तो शब्दसुद्धा नाही.”

वृंदाला वाटलं, पुन्हा तोच घोटाळा. तिने चिडून तोच फोटो गॅलरीतून परत पाठवला आणि दुकानातलं काम त्या दिवसापुरतं भागलं. पण कारण कळलं नव्हतं, आणि असं अर्धवट सोडलं की पुढच्या वेळी पुन्हा तेच होतं.

मावशीने जे सांगितलं तेच महत्त्वाचं होतं: तो शब्दसुद्धा नाही. `Opened` नाही, म्हणजे `View once` नाही. कुणी सगळ्यांसाठी पुसला असता तर त्या जागी ‘हा मेसेज डिलीट केला’ अशा अर्थाची ओळ उरली असती. तशी सोय पाठवणारीला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळते, आणि ती ओळ दोन्हीकडे दिसते. फाइल फोनमधून उडाली असती, म्हणजे मावशीच्या मुलाने सफाईच्या ॲपने फोटो पुसले असते, तर चौकट जागेवर राहून आत धूसर चित्र आणि ‘ही फाइल फोनमध्ये नाही’ असा निरोप दिसला असता. त्या प्रकारात काळजीचं कारण नसतं, पाठवणारीकडून परत मागवायचा.

इथं मात्र खूणच नव्हती. मग शेजारी बघायचं. फोटोच्या आसपासचे मेसेज आहेत का? मावशीला वर सरकवायला सांगितलं तर शनिवार दुपारचं काहीच नव्हतं. ना वृंदाचं ‘हा बघ आता’, ना मावशीचं ‘हां, जांभळाच आहे’. चॅट सुरू होत होतं थेट शनिवारी रात्री नऊपासून, काठाच्या प्रश्नापासून. आणि त्या प्रश्नाला चिकटून, ज्या फोटोला ती उत्तर देत होती त्याची नखाएवढी चौकट अजून उरली होती. त्यावरून रंग कळण्यासारखा नव्हता, पण फोटो होता याचा पुरावा होता.

एकटा फोटो गेला असेल तर कारण फोटोत शोधायचं. फोटोसकट आजूबाजूचं बोलणंही गेलं असेल तर कारण चॅटमध्ये असतं. तो चॅटचा टायमर, `Disappearing messages`. त्याचे तीन पर्याय आहेत: 24 तास, 7 दिवस आणि 90 दिवस. वृंदा-मावशीच्या चॅटला 24 तासांचा लागला होता. दुपारी साडेतीनचा फोटो दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला गेला आणि मावशी दुकानात पोहोचली सहाला. ती सकाळी गेली असती तर हा प्रकार कुणाच्या लक्षातही आला नसता.

दोघींपैकी कुणी तो लावला? चॅटच्या नावावर टॅप केलं की आत `Disappearing messages` समोर वेळ दिसते, आणि चॅटमध्ये सुरुवातीला एक राखाडी ओळ असते, टायमर कुठून आला ते सांगणारी. त्या ओळीत वृंदाचं नाव होतं, आणि तिला धक्का बसला, कारण मावशीच्या चॅटमध्ये तिने असं काही केलेलं आठवत नव्हतं. केलं नव्हतंच. तिने वर्षभरापूर्वी भाड्याचं घर शोधताना अनोळखी लोकांशी खूप बोलावं लागत होतं म्हणून सगळ्या नव्या चॅटसाठी टायमर लावून ठेवला होता. त्याची जागा वेगळी आहे:

```
Settings > Privacy > Default message timer
```

हा टायमर जुन्या चॅटला लागत नाही, फक्त यापुढे सुरू होणाऱ्या दोघांच्या चॅटला लागतो. मावशीचं चॅट तर कित्येक वर्षांचं. पण मावशीने दिवाळीनंतर नंबर बदलला होता. नवा नंबर, नवं चॅट, आणि त्यावर आपोआप 24 तास. जुन्या नंबरचं चॅट तसंच पडून होतं, फोटोंसकट, कारण त्याला हा नियम लागला नव्हता.

म्हणून घरातल्या कुणाचा नंबर बदलला आणि त्यानंतर फोटो नाहीसे व्हायला लागले, तर आधी हे तपासा. चॅटच्या नावावर टॅप करून `Disappearing messages` मध्ये `Off` करायचं. दोघांपैकी कुणीही एकाने केलं तरी चालतं. फक्त ते पुढच्या मेसेजना लागू होतं. आधी टायमरखाली गेलेले फोटो आपापल्या वेळी जातातच. त्यांच्यातला एखादा हवा असेल तर तो दाबून धरायचा आणि वर येणाऱ्या बुकमार्कच्या खुणेवर टॅप करून `Keep` करायचा, म्हणजे तो चॅटमध्ये टिकतो. मात्र ज्याने तो मेसेज पाठवला, त्याला याची सूचना जाते आणि त्याला ते नाकारताही येतं. मावशी-भाचीत हा प्रश्न येत नाही. सगळ्यात भरवशाचं म्हणजे फोटो उघडून तो मुद्दाम गॅलरीत सेव्ह करणं. टायमरच्या चॅटमधला फोटो आपोआप गॅलरीत उतरला असेल, असं धरून दुकानात जाऊ नये.

साडीच्या कामासाठी मी तरी फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा असंच सांगतो. जोडणीच्या पिनवर टॅप करून `Document` निवडायचं आणि तिथून फोटो उचलायचा. त्या वाटेवर एकचा आकडा येतच नाही, आणि फोटो लहान न होता मूळ आकारात जातो. साध्या मार्गाने गेलेला फोटो व्हॉट्सॲप आवळून लहान करतं. रंगाला त्याने फार धक्का लागत नाही, पण धूपछावातले दोन धागे एकमेकांत मिसळून एकच गढूळ रंग दिसतो. डॉक्युमेंट मोठं करून पाहिलं तर उभा धागा वेगळा, आडवा वेगळा दिसू शकतो. टायमर मात्र डॉक्युमेंटलाही लागतो, तेव्हा तो आधी काढायचा.

फोटो टिकला की उरतो मूळ प्रश्न, रंगाचा. तिथेही वृंदाचा पहिला फोटो कामाचा नव्हता. घरातला पिवळा दिवा साधारण 2700 केल्विनचा असतो, त्यात निळा प्रकाश फार कमी. जांभळ्या कापडावर निळा पडलाच नाही तर परत काय येणार? लालसरच. म्हणून मावशीला मरून दिसला. फोनचा कॅमेरा पिवळेपणा काढायचा प्रयत्न करतो, पण फोटोभर एकच गडद रंग पसरलेला असला की त्याला पांढरं कशाला म्हणायचं ते कळत नाही. साडीच्या बाजूला साधा पांढरा कागद ठेवला की कॅमेऱ्यालाही आधार मिळतो आणि बघणाऱ्यालाही. कागद फोटोत पिवळट दिसत असेल तर साडीचा रंगही तितकाच खोटा आहे, हे लगेच कळतं.

शनिवारचा फोटो खिडकीशी, दिवसा, खोलीतला दिवा बंद करून काढलेला होता. थेट ऊन नको, उन्हात रेशीम चमकतं आणि चमकलेल्या जागी रंग उरतच नाही. धूपछाव असेल तर एका फोटोने भागत नाही. एक सरळ समोरून, एक तिरकस खालून, असे दोन हवेत, कारण एकातून ताण्याचा रंग वर येतो आणि दुसऱ्यातून बाण्याचा. वृंदाच्या साडीत ताणा मोरपंखी आणि बाणा जांभळा निघाला. म्हणजे प्रश्न ‘जांभळ्याला मॅच’ असा नव्हताच; दोनांपैकी कुठला धरायचा, असा होता.

बघणारीच्या फोनकडेही एकदा बघा. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळट करणारी सोय बऱ्याच फोनमध्ये ठरावीक वेळी आपोआप चालू होते. ती चालू असेल तर खिडकीशी काढलेला फोटोही पुन्हा दिव्याखालचाच दिसतो. मावशीच्या फोनमध्ये ती होती. बंद केल्यावर तिचं पहिलं वाक्य: “अगंबाई, हा तर वांग्याकडे जातोय.”

दुकानातही उजेडाचा मुद्दा सुटत नाही. ट्यूबखाली हुबेहूब जुळलेले दोन रंग दारात नेल्यावर वेगळे दिसतात, कारण दोन कापडांतले रंग वेगळ्या रसायनांचे असतात आणि ते एका प्रकाशात जुळले म्हणून दुसऱ्यात जुळत नाहीत. मॅचिंग सेंटरवाले म्हणूनच कापड उचलून दाराशी नेतात. फोन घेऊन दाराशी जाऊ नका मात्र, बाहेरच्या उजेडात पडदा फिका पडतो. फोन सावलीत धरा आणि कापड उजेडात. शिवाय टू बाय टू सुती कापड आणि रेशीम हे एकाच रंगाचे असले तरी सारखे दिसत नाहीत, रेशीम चमकेमुळे एक छटा उजळ वाटतं. रेशमी साडीवर सुती ब्लाउज घ्यायचा तर किंचित उजळ छटा बघावी.

यापुढे मात्र फोटोची हद्द संपते. दोन छटांमधून एक निवडायची वेळ आली तर कुठल्याही फोनवर तो निर्णय होत नाही. पदराच्या दशांमधले ताण्याचे चार धागे सहज काढता येतात. बाण्याचा धागा आतल्या टोकाला, जिथं कापड उसवलेलं असतं, तिथून मिळतो. ते कागदाला चिकटवून पाकिटातून पाठवायचे. वेळ असेल तर हाच खात्रीचा मार्ग. एकाच कंपनीच्या दोऱ्याचं शेडकार्ड दोघींकडे असेल तर साडीवर दोरा ठेवून नुसता नंबर कळवता येतो, आणि तो नंबर फोटोसारखा दिव्याप्रमाणे बदलत नाही.

वृंदाकडे पाकिटाइतका वेळ नव्हता. मावशीने रविवारी दोन ब्लाउजपीस आणले, एक गडद जांभळा आणि एक मोरपंखी, दुकानदाराकडून बदलून मिळण्याच्या बोलीवर. सोमवारी सकाळी नऊला तिने दोन्ही पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून खिडकीत फोटो काढले आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवले. श्टुटगार्टला तेव्हा पहाटेचे साडेचार. वृंदाने उठल्यावर, उजाडेपर्यंत थांबून, साडी खिडकीशी नेली आणि फोन शेजारी धरला.

“मोरपंखी घे मावशी. जांभळा माझ्या फोनवर जुळतोय, पण एखादी छटा हुकली तर तो अंगावर चुकलेला दिसेल. मोरपंखी काठाच्या आतल्या रेघेशी जातो आणि थोडा हलला तरी खपेल.”

“बरं. जांभळा परत करते. बाह्या कोपरापर्यंत की आखूड?”

“कोपरापर्यंत. आणि अस्तर लाव.”

“माप पाठव मग. लिहून पाठव, फोटो नको.”